सिंगल चॅनल की ड्युअल चॅनल एबीएस? गाडी बुक करायच्या आधी एकदा वाचा

माझ्या पहिल्या दीडशे सीसी गाडीच्या पुढच्या मडगार्डवर एबीएसचा स्टिकर होता आणि तेवढ्यावर मी खूश होतो. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस पडून गेला होता, ऊसाचा सीझन सुरू झालेला, कराड-विटा रस्त्यावर ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातला चिखल आणून डांबरावर लिंपून ठेवलेला. मागं भाचा बसलेला. वळण संपलं तर समोर ट्रॉली उभी, ना रिफ्लेक्टर ना काही, आणि माझा पाय सवयीनं मागच्या ब्रेकवर गच्च बसला, हातानं पुढचाही दाबला गेला. पुढचं चाक सरळ राहिलं, हँडलमध्ये थडथड जाणवली, पण गाडीचं मागचं शेपूट उजवीकडं असं काही फिरलं की भाचा माझ्या पाठीला चिकटून "मामा मामा" एवढंच म्हणत होता. पडलो नाही. ट्रॉलीच्या अलीकडं हातभर अंतरावर थांबलो, मागं बघितलं तर चिखलात लांबलचक वाकडी रेघ. घरी येऊन मॅन्युअल उघडलं तेव्हा कळलं की एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक आपलं आपण सांभाळायचं. म्हणजे त्या दिवशी एबीएसनं त्याचं काम चोख केलं, मागं ते नव्हतंच त्याला तो काय करणार.

दुसरी गाडी घेताना परत थोडा फसलो, ते पुढं येईलच. आता चुलत भावासाठी तिसऱ्यांदा शोरूम फिरून आलोय, त्यामुळं सगळं क्रमानं सांगतो.

१. आधी चाक जाम होणं म्हणजे काय ते बघा

ब्रेक गच्च दाबला की चाक फिरायचं थांबतं पण गाडी थांबत नाही, टायर रस्त्यावर नुसता घासत जातो. फिरणारं चाक गाडीला सरळ धरून ठेवतं, जाम झालेलं चाक साबणाच्या वडीसारखं कुठंही जातं. एबीएसचं काम एवढंच की चाक जाम व्हायला लागलं की त्या चाकाचं ब्रेक ऑइलचं प्रेशर क्षणभर सोडायचं, परत द्यायचं, परत सोडायचं, सेकंदाला कित्येक वेळा. चाकाजवळ एक भोकांची किंवा दात्यांची चकती असते आणि तिच्यासमोर सेन्सर, तो चाकाचा स्पीड मोजत असतो. मधे टाकीखाली किंवा सीटखाली एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्यात व्हॉल्व आणि पंप, त्यालाच मेकॅनिक लोक मॉड्युलेटर म्हणतात.

चॅनल म्हणजे तो ठोकळा किती ब्रेक लाइनी सांभाळतो ते. सिंगलमध्ये एकच, आणि आपल्याकडं ती पुढच्या चाकाची. ड्युअलमध्ये पुढची वेगळी, मागची वेगळी.

मग कंपन्यांनी पुढचंच चाक का निवडलं? कारण जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढं येतं, थांबवायचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं, आणि तेच जाम झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, गाडी आडवी. मागचं जाम झालं तर शेपूट हलतं पण हँडल हातात असतं, सरळ रस्त्यावर पुष्कळ लोक त्यातून वाचतात. म्हणून एकच चॅनल परवडत असेल तर तो पुढंच पाहिजे, यात कंपनीचं काही चुकत नाही.

पण दुसरी बाजू सेल्समन सांगत नाही. वजन पुढं गेलं म्हणजे मागचं चाक हलकं झालं, आणि हलकं चाक आधी जाम होतं. त्यात आपल्या घराघरात शिकवण काय, "पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर पडशील". लहानपणापासून पायानं नाहीतर डाव्या हातानं मागचाच ब्रेक दाबायची सवय, आणि घाबरलो की तोच लागतो. म्हणजे आपण ज्या ब्रेकवर सगळा जोर काढतो नेमका तोच सिंगल चॅनलमध्ये उघडा असतो. आणि शेपूट फिरल्यावर घाबरून ब्रेक एकदम सोडला तर तिरकं झालेलं चाक अचानक पकड घेतं आणि गाडी उलट्या बाजूला फेकते, तो झटका साध्या घसरण्यापेक्षा वाईट.

२. नियमात काय मिळतं आणि काय नाही

१२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना १ एप्रिल २०१९ पासून. १२५ आणि खालच्यांना एबीएस किंवा सीबीएस यातलं एक चालेल असं ठरलं. सगळ्याच दुचाक्यांना एबीएस करायचा मसुदा केंद्रानं जून २०२५ मध्ये काढला होता, त्यामुळं छोटी गाडी घेत असाल तर खरेदीच्या दिवशी काय लागू आहे ते विचारून घ्या.

या नियमात एबीएस म्हटलंय, ड्युअल म्हटलेलं नाही. सिंगल दिला तरी कायदा पाळला जातो. त्यामुळं "साहेब सरकारनंच कम्पल्सरी केलंय, सगळ्यात असतंच" हे वाक्य खरंय, पण त्यातून मागच्या चाकाबद्दल काहीच कळत नाही.

सीबीएसचं सांगायचं तर ते एबीएसचा धाकटा भाऊ वगैरे काही नाही. मागचा ब्रेक दाबला की थोडा जोर पुढच्यालाही जातो, एवढंच. मागचाच ब्रेक वापरणाऱ्याला त्याचा फायदा नक्की होतो, पण चाक जाम व्हायला लागलं तर ते सोडवणारं त्यात काही नाही. शोरूममध्ये ही दोन नावं इतकी पटपट घेतात की ऐकणाऱ्याला एकच वाटतात.

३. मग कोणता मागायचा

माझं मत सरळ आहे. मोटरसायकल घेताय आणि त्याच मॉडेलमध्ये ड्युअल मिळतोय तर ड्युअलच घ्या, बाकी कशातही काटकसर करा. हायवे, घाट, पावसाळा, मागं कायम कोणीतरी बसलेलं, यातलं एक जरी तुम्हाला लागू असलं तरी विषय संपला. फक्त गावात तीस-चाळीसनं फिरणार, पुढचा ब्रेक नीट वापरायची सवय आहे आणि बजेट खरंच घट्ट आहे, तर सिंगलवाली गाडी घेतली म्हणून कोणी मूर्ख ठरत नाही.

पैशाचा हिशोब एका खऱ्या गाडीवर दाखवतो. रॉयल एनफील्डची हंटर ३५० ऑगस्ट २०२२ मध्ये आली तेव्हा रेट्रो व्हेरियंट एक्स-शोरूम १,४९,९०० ला होता आणि मेट्रो १,६३,९०० पासून. रेट्रोला मागं ड्रम आणि सिंगल चॅनल, मेट्रोला मागं २७० मिमीची डिस्क आणि ड्युअल चॅनल. फरक १४,००० चा, आणि तो नुसत्या एबीएसचा नाही, त्यात अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर पण आले. हे १४,००० दहा टक्क्यांनी तीन वर्षांच्या लोनमध्ये घातले तर हप्ता साधारण साडेचारशेनं वाढतो, टॅक्स-इन्शुरन्समुळं अजून थोडा. किमती तेव्हापासून हलल्यात, आजच्या तुम्ही काढा, पण हिशोबाची पद्धत हीच: दोन व्हेरियंटमधला फरक काढायचा, त्यात एबीएससोबत अजून काय काय मिळतंय ते बघायचं, आणि मग महिन्याचा हप्ता किती वाढतो ते बघायचं. एकरकमी आकडा ऐकून माणूस दचकतो, हप्ता ऐकून नाही. सेल्समन हीच युक्ती सीट कव्हर आणि क्रॅश गार्ड विकायला वापरतात, आपण ब्रेकसाठी वापरू.

स्कूटरचं गणित वेगळं आहे. तिथं ड्युअल फारच थोड्यांत मिळतो, त्यासाठी अडून बसलात तर पायीच फिराल. स्कूटरमध्ये खरी निवड असते नुसतं सीबीएस, की पुढं डिस्क आणि सिंगल चॅनल एबीएस. मिळत असेल तर दुसरी घ्यायची. यामाहा एरॉक्स १५५ सारख्या स्कूटरला पुढं डिस्कला एबीएस आहे आणि मागं ड्रम, तो उघडाच. स्कूटरचं इंजिन मागं, चाकं बहुतेकांची छोटी, आणि डावा हात मागच्या ब्रेकवर, त्यामुळं सिंगल चॅनलवाली स्कूटर घेतली तरी उजवा ब्रेक आधी आणि डावा नंतर हलका, ही सवय स्वतःला लावावी लागते. एबीएस पुढं आहे म्हणूनच आता पुढचा ब्रेक न घाबरता दाबता येतो, आणि लोक एबीएसची गाडी घेऊन परत डाव्याच हातानं थांबवतात, मग पैसे गेले कुठं?

आणि ज्यांना खडीच्या, मातीच्या रस्त्यावर मुद्दाम जायचंय त्यांच्यासाठी एक आडवाट: सुट्या खडीवर एबीएसनं गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबते, म्हणून काही ॲडव्हेंचर गाड्यांत मागचा एबीएस बटणानं बंद करता येतो. रोजच्या वापराला त्याची गरज नाही. तुमच्या शेताच्या रस्त्यासाठी म्हणून सिंगल चॅनल चांगला असं कोणी सांगितलं तर हसून सोडा.

४. शोरूममध्ये उभी गाडी बघून ओळखायचं कसं

इथं घाई करू नका, पाच मिनिटं खाली बसून बघा, लोक बघतील तर बघू द्या.

पहिलं मागचं चाक. मागं ड्रम असेल, म्हणजे पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी रॉड किंवा केबल जात असेल, तर तिथं ऑइलच नाही, मग प्रेशर सोडणार कशाचं? अशा गाडीला मागं एबीएस नाही, सिंगलच. पण उलटं खरं नाही हां. मागं डिस्क आहे म्हणजे ड्युअल आहे असं अजिबात नाही. यामाहा एफझी-एसला मागं डिस्क आहे आणि एबीएस सिंगल चॅनल, असे बरेच आहेत. मी पहिल्यांदा याच समजुतीत होतो.

दुसरं, डिस्कजवळची चकती. ब्रेक डिस्कच्या आत, चाकाच्या मध्याकडं एक छोटी भोकं पाडलेली रिंग दिसते आणि तिच्याजवळ बोटाएवढा काळा सेन्सर, त्यातून वायर वर जाते. पुढं एक, मागं एक असेल तर बहुतेक ड्युअल. बहुतेक म्हणतोय कारण काही सिंगल चॅनल गाड्यांतही मागं सेन्सर असतो, जोरात ब्रेक मारल्यावर मागचं चाक हवेत उचलू नये म्हणून. तो मागचा स्पीड फक्त मोजतो, मागचा ब्रेक सोडत नाही.

म्हणून तिसरी खूण, आणि ही शक्यतो फसवत नाही. मॉड्युलेटरच्या ठोकळ्याला ब्रेकच्या किती लाइनी जोडल्यात ते मोजा. दोन असतील, एक आत येणारी आणि एक पुढच्या चाकाकडं जाणारी, तर सिंगल. चार असतील तर ड्युअल. काही गाड्यांत सीट किंवा साइड पॅनल काढल्याशिवाय दिसत नाही, मग त्यांच्याच वर्कशॉपमध्ये जा, सर्व्हिसला आलेली तीच गाडी उघडी पडलेली असते, मेकॅनिकला विचारा. मेकॅनिक सेल्समनपेक्षा खरं बोलतो, त्याला टार्गेट नसतं.

५. कागदावर काय लिहून घ्यायचं

इथंच मी दुसऱ्यांदा फसलो. एका शोरूममध्ये डेमो गाडी चालवली, ती ड्युअलची होती, कोटेशनवर फक्त मॉडेलचं नाव आणि रंग लिहिला होता, मी ॲडव्हान्स भरला. अलॉटमेंटचा मेसेज आला तेव्हा व्हेरियंट खालचा. विचारलं तर म्हणे "एबीएस आहे की साहेब, बदलायचं तर दीड महिना वेटिंग". भांडलो, वेटिंगला थांबलो, पण दोघांपैकी खरं कोण हे सिद्ध करायला माझ्याकडं कागद नव्हता.

म्हणून हे चार जवळ ठेवा:

- कंपनीचं ब्रोशर किंवा वेबसाइटवरचं स्पेसिफिकेशनचं पान, डाउनलोड करून, तारखेसकट. ब्रेकच्या ओळीत सिंगल का ड्युअल ते लिहिलेलं असतं.
- कोटेशन, त्यावर पूर्ण व्हेरियंटचं नाव आणि त्याच्याखाली पेनानं "ड्युअल चॅनल एबीएस", शोरूमचा शिक्का आणि सही.
- बुकिंगची पावती, तिच्यावरही तेच व्हेरियंट.
- टॅक्स इनव्हॉइसचा ड्राफ्ट, पूर्ण पैसे भरायच्या आधी. चासी नंबर मागा आणि प्रत्यक्ष त्या गाडीजवळ जाऊन वरच्या तीन खुणा बघा.

आरसीवर चॅनल किती हे लिहिलेलं नसतं, त्यामुळं पासिंग झाल्यावर तिच्या जोरावर भांडायला जाऊ नका. जे काय बघायचं ते नंबर पडायच्या आधी. पासिंग झालं की गाडी तुमची आणि डोकेदुखी पण तुमची.

६. डिलिव्हरीच्या दिवशी दिव्याची परीक्षा

चावी फिरवली की मीटरवर पिवळा एबीएसचा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी उभी आहे तोवर तो लागूनच राहतो. गाडी थोडी पुढं गेली, चाकं फिरून सेन्सरला स्पीड कळला की दिवा विझतो. हे नॉर्मल आहे, नवीन लोक उगाच घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात. काळजी कधी करायची? चालत्या गाडीत दिवा विझतच नसेल तर एबीएस बंद आहे, साधा ब्रेक चालेल पण जाम होऊ शकतो. आणि चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर त्याहून जास्त काळजी.

प्रत्यक्ष ब्रेक मारून बघायचं तर कोरडा, सरळ, रिकामा रस्ता, हेल्मेट, मागं कोणी नाही, ना माणूस ना गाडी. पंचवीस-तीसच्या स्पीडला हँडल सरळ ठेवून फक्त मागचा ब्रेक जोरात. ड्युअल असेल तर पायाखाली थडथड येते आणि चाक फिरत फिरत थांबतं. सिंगल असेल तर चाक किंचाळतं आणि रस्त्यावर काळी रेघ उठते. रेघ बघितल्यावर अजून कुठलं ब्रोशर वाचायची गरज राहत नाही. चिखलात, वाळूत, वळणावर हे करू नका. वळणात गाडी झुकलेली असताना साधा ड्युअल एबीएस पण सगळं सांभाळत नाही, त्यासाठी कॉर्नरिंग एबीएस म्हणून वेगळी चीज येते, ती महागड्या गाड्यांत.

आणि ती थडथड आली की ब्रेक सोडायचा नाही, पंपिंग पण करायचं नाही. जुन्या गाड्यांवर शिकलेल्या आमच्या पिढीला हे जड जातं, थडथड आली की वाटतं काहीतरी तुटलं.

७. यात पडू नका

ऑनलाइन तीन-चारशे रुपयाला "एबीएस किट" म्हणून एक स्क्रूसारखी पितळी नळी मिळते, कॅलिपरच्या ब्लीड स्क्रूच्या जागी बसवायची. तिच्यात ना सेन्सर, ना व्हॉल्व, नुसता रबर नाहीतर स्प्रिंग. चाक फिरतंय का जाम झालंय हे तिला कळायचा प्रश्नच नाही. लिव्हर थोडा मऊ लागतो आणि लोकांना वाटतं एबीएस आला.

सिंगलची गाडी घेऊन नंतर मागं डिस्क बसवून ड्युअल करून देतो म्हणणारे पण भेटतील. डिस्क बसेल हो, पण मॉड्युलेटर, त्याचा कंट्रोलर, वायरिंग, मागचा सेन्सर हे सगळं त्या गाडीसाठी जुळवलेलं लागतं. ड्युअल पाहिजे तर कारखान्यातूनच आलेला घ्या.

पावसाळ्यात चाकाजवळच्या त्या रिंगवर चिखल बसतो, सेन्सरला नीट वाचता येत नाही आणि दिवा लागतो. पाण्यानं हलकं धुऊन फडक्यानं पुसलं की बऱ्याचदा जातो. वॉशिंग सेंटरवाल्याला मात्र प्रेशरचा पाइप जवळून सेन्सरवर मारू देऊ नका. टायर बदलताना कंपनीनं दिलेलाच साइज घाला, वेगळ्या साइजनं दोन चाकांच्या स्पीडचा मेळ बिघडतो. ब्रेक ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेळी बदला, सहसा दोन वर्षांनी, ते पाणी शोषतं आणि तो सगळा ओलावा मॉड्युलेटरच्या बारीक व्हॉल्वमध्ये फिरतो. मॉड्युलेटर गेला तर बिल बघून बसायला खुर्ची लागते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सहाव्या मुद्द्यातली दिव्याची परीक्षा सौदा ठरायच्या आधीच करायची. सतत लागणारा दिवा नको म्हणून काही लोक बल्बच काढून टाकतात किंवा दिव्यावर काळी टेप चिकटवतात. भावासाठी बघितलेल्या एका गाडीत चावी फिरवल्यावर बाकी सगळे दिवे लागले आणि एबीएसचा नाही. मालक म्हणाला "बघा, काहीच फॉल्ट नाही". आम्ही चहा पिऊन निघालो.